साडेसहा ते साडेपाच: एका पायरीचं अंतर

मी सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. फेसवॉश, शाम्पू, हँडवॉश अशी आमची उत्पादनं. बाटलीच्या पुढच्या बाजूला ‘पीएच ५.५’ असं जे छापलेलं असतं, तो आकडा खरा ठरवण्यात माझा बराचसा दिवस जातो. आज पाचशे किलो फेसवॉशची बॅच आहे.

सकाळी साडेआठ

लॅब उघडली की पहिलं काम पीएच मीटरचं. इलेक्ट्रोड रात्रभर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवलेला असतो. तो बाहेर काढायचा, डिस्टिल्ड पाण्यानं धुवायचा आणि टिश्यू पेपरनं नुसता टिपून घ्यायचा. टोकाशी काचेचा पातळ फुगा असतो. तो पुसताना घासला तर त्यावर स्थिर विद्युत साचते आणि पुढची काही मिनिटं आकडा भरकटतो. काचेवर ओरखडा उठतो, तो वेगळाच.

मग बफर. आधी ७.००, नंतर ४.०१, शेवटी ९.१८. प्रत्येकासाठी स्वच्छ लहान बीकर आणि ताजं द्रावण. वापरलेलं बफर बाटलीत परत ओतायचं नाही, हा इथला कायदा आहे. ९.१८च्या बफरची बाटली उघडी राहिली तर ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्याचा पीएच खाली सरकतो आणि दिवसभराची मोजमापं त्या चुकीवर उभी राहतात.

या वेळी मी मीटरवर पीएचऐवजी मिलिव्होल्ट लावून बघते. सातच्या बफरमध्ये आकडा शून्याच्या जवळ येतो, चारच्या बफरमध्ये १७७च्या जवळ. तीन पायऱ्यांना १७७, म्हणजे एका पायरीला ५९ मिलिव्होल्ट. २५ अंश सेल्सियसला उत्तम काचेचा इलेक्ट्रोड एवढंच देतो. मुद्दा असा की हा विद्युतदाब बदलतो, तो द्रावणातले हायड्रोजन आयन किती पटींनी वाढले यावर. दहापट झाले की ५९, आणखी दहापट झाले की आणखी ५९. मीटर पटी मोजतो आणि पटींच्याच पायऱ्या करून दाखवतो.

ही पद्धत ठरवली ती सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं, १९०९ साली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत तो विकरांवर काम करत होता आणि विकरांचं काम हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावर अवलंबून असतं. ते प्रमाण लिहायचं म्हणजे एका लिटरमध्ये ०.०००००३ मोल असली शून्यांची रांग. त्यानं दहाचा घातांक तेवढा घेतला आणि उणे चिन्ह काढून टाकलं. एक लिटरमध्ये दहाचा उणे पाचवा घात इतके मोल असतील तर पीएच ५. उणे सहावा घात असेल तर ६. आकडा एकानं वाढला की आयन दहापट कमी झाले. चिन्ह काढल्यामुळे मोजपट्टी उलटी झाली आहे, म्हणून आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त.

आज तीन बफरमधून आलेला उतार ९८ टक्के. तो ९५च्या खाली गेला की मी इलेक्ट्रोड साफ करते, तरी सुधारला नाही तर बदलते. थकलेला इलेक्ट्रोड एका पायरीचं अंतर आखूड करून सांगतो आणि त्याचा आकडा उगाच सातच्या दिशेनं झुकलेला राहतो.

साडेनऊ

आरओचं पाणी तपासायचं. याचा पीएच घ्यायला गेलं तर आकडा पाच ते सातमध्ये कुठेही तरंगत बसतो. या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे इलेक्ट्रोडला धरायला काही नसतं, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळूनच त्याचा पीएच ५.६च्या आसपास येतो. म्हणून पाण्याला पास-नापास मी विद्युतवाहकतेवर ठरवते. पीएचची नोंद रकान्यापुरती करते.

साडेदहा

बॅचचा नमुना आला. पाचशे किलोच्या टाकीत पाणी, दोन सर्फॅक्टंट, ग्लिसरीन आणि परिरक्षक म्हणून अडीच किलो सोडियम बेंझोएट पडलं आहे, जोडीला फिनॉक्सिएथॅनॉल. अजून आम्ल घातलेलं नाही. नमुना २५ अंशांवर येईपर्यंत थांबते, मग इलेक्ट्रोड बुडवते. पीएच ७.५. हवाय ५.५, कमी-जास्त ०.३ चालेल.

साडेपाचच का, याचं एक कारण त्वचा आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग सौम्य आम्लधर्मी असतो, पाचाच्या आसपास. दुसरं कारण बाटलीच्या आत आहे आणि ते गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही.

सोडियम बेंझोएट स्वतः जंतूंना फारसं काही करत नाही. त्यातला काही भाग हायड्रोजन आयन पकडून बेंझोइक ॲसिड होतो. हे विनाभाराचे रेणू जंतूच्या आवरणातून आत शिरतात आणि खरं काम करतात. असा भाग किती, हे पीएच ठरवतं. ४.२ला बरोबर निम्मा. तिथून आकडा जसजसा वर जाईल तसतसा तो घटत जातो, आणि पाचाच्या पुढे दर पायरीला सुमारे दहापट. आजच्या टाकीत ७.५ पीएचला अडीच किलोंपैकी कामाचा भाग आहे जेमतेम सव्वा ग्रॅम. ६.५ला तो होईल बारा ग्रॅम. ५.५ला एकशेवीस. टाकीत पडलेलं बेंझोएट तेच, बॅच कार्डावरचं वजनही तेच, पण एका पायरीत परिरक्षण दहापट बदललं.

अकरा

आता किती आम्ल लागेल ते काढायचं. दोनशे ग्रॅम नमुना बीकरमध्ये घेते, स्टरर मंद ठेवते, कारण फेस झाला की इलेक्ट्रोडला बुडबुडे चिकटतात. ब्युरेटमध्ये एक टक्का सायट्रिक ॲसिडचं द्रावण. थेंब-थेंब सोडते, दर वेळी आकडा ठरेपर्यंत थांबते. हे दाट द्रव आहे, अर्धं-पाऊण मिनिट द्यावं लागतं.

साडेसातवरून साडेसहावर यायला अर्धा मिलिलिटर लागला.

मिक्सरवरचे काका वरच्या मजल्यावरून खाली आले होते. त्यांनी आकडा बघितला आणि विचारलं, “मॅडम, अर्ध्यात एक पायरी उतरली. म्हणजे अजून अर्धा टाकला की साडेपाच. त्या हिशेबानं पंचवीस ग्रॅम वजन करून ठेवू का?”

“काका, पाच मिनिटं थांबा. इथेच उभे राहून बघा,” मी म्हटलं.

मी पुढचा अर्धा मिलिलिटर सोडला. आकडा ६.५वरून सव्वासहाच्या आसपास आला आणि तिथेच थांबला. आणखी अर्धा, आणखी अर्धा. प्रत्येक वेळी उतार थोडाच. साडेपाचला पोचेपर्यंत ब्युरेटमधून एकूण ५.६ मिलिलिटर गेले होते. वरच्या पायरीला अर्धा, खालच्या पायरीला पाचाहून जास्त.

काकांचा पुढचा प्रश्न अगदी नेमका होता. “मग हे ॲसिड जातं कुठं?”

ते जातं बेंझोएटकडे. घातलेल्या आम्लातले जवळजवळ सगळे हायड्रोजन आयन बेंझोएट आणि थोडे इतर घटक पकडून ठेवतात. मोकळे उरतात फार थोडे, आणि मीटरला फक्त मोकळेच दिसतात. संपूर्ण टाकीचा हिशेब केला तर साडेपाच पीएचच्या पाचशे लिटरमध्ये मोकळ्या हायड्रोजन आयनांचं वजन भरतं सुमारे १.६ मिलिग्रॅम. साडेसहाला ते ०.१६ मिलिग्रॅम असतं. अर्ध्या टन मालात दोन मिलिग्रॅमसुद्धा नाही! मोकळे आयन दहापट व्हायचे असतील तर बेंझोइक ॲसिडचा भागही जवळजवळ दहापट व्हावा लागतो, बारा ग्रॅमवरून एकशेवीसवर. आम्लाचं बिल वाढतं ते त्यासाठी.

काकांच्या हिशेबानं पंचवीस ग्रॅमवर थांबलो असतो तर टाकी सव्वासहाच्या आसपास राहिली असती आणि कामाचं बेंझोइक ॲसिड एकशेवीसऐवजी वीसेक ग्रॅम. असा माल त्या दिवशी अगदी नीट दिसतो. रंग, वास, दाटपणा यातून काहीच कळत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी दुकानातल्या बाटलीला वास यायला लागतो, तेव्हा कळतं.

बारा

दोनशे ग्रॅमला ५.६ मिलिलिटर, म्हणजे ५६ मिलिग्रॅम आम्ल. पाचशे किलोला एकशेचाळीस ग्रॅम. ते एकदम घालत नाही. आधी एकशेदहा ग्रॅम, पाण्यात विरघळवून, ढवळणी चालू असताना बारीक धारेनं. कोरडी पूड टाकली तर ती पडते तिथे पीएच क्षणभर फारच खाली जातो आणि बेंझोइक ॲसिडचे पांढरे कण बाहेर पडतात. मग ते पुन्हा विरघळता विरघळत नाहीत.

वीस मिनिटं ढवळल्यावर नमुना: ५.६. उरलेले तीस ग्रॅम घालून पुन्हा वीस मिनिटं: ५.५. नमुने टाकीच्या वरून आणि खालच्या व्हॉल्व्हमधून, दोन्हीकडून घेते. दोन्ही जुळले तरच ढवळणी पूर्ण झाली असं मानते.

घाईनं सगळं घातलं आणि पीएच खाली गेला तर कॉस्टिकनं वर आणता येतो. पण दर खेपेला टाकीत मीठ वाढतं आणि फेसवॉशचा दाटपणा बिघडतो. म्हणून थोडं कमी घालून थांबणं केव्हाही बरं.

एक वाजता

डबा. हात धुवायला लॅबबाहेरच्या बेसिनवर कपडे धुण्याची वडी ठेवलेली आहे. पाठीमागे पीएच छापलेला नाही. साध्या साबणाचं एक टक्का द्रावण साधारण नऊ ते साडेदहामध्ये असतं आणि साबण राहायचा तर त्याला तिथेच राहावं लागतं. खऱ्या साबणाला साडेपाचवर आणलं तर तो फुटतो, मेदाम्ल वेगळं होऊन साय धरते आणि फेस संपतो. ज्या वडीवर पीएच ५.५ असं लिहिलेलं असतं ती रसायनाच्या दृष्टीनं साबण नसतेच. ती सिंथेटिक सर्फॅक्टंटची वडी असते.

दोन वाजता

लेबलचं आर्टवर्क सहीसाठी आलं आहे. मार्केटिंगच्या मुलानं मजकूर लिहिलाय: ‘साबणाचा पीएच १०, आमचा ५.५. जवळजवळ दुप्पट सौम्य!’ त्याला फोन लावला.

“ताई, दहा भागिले साडेपाच. हिशेब बरोबर आहे ना?”

“भागाकार बरोबर आहे, पण पीएचला भागाकार चालत नाही. वजाबाकी करायची. दहातून साडेपाच गेले, उरले साडेचार. चार पायऱ्यांचे दहा हजार, वरच्या अर्ध्या पायरीचे आणखी तीनपट. मोकळ्या हायड्रोजन आयनांत तीस हजार पटींचा फरक आहे.”

तो खूश झाला. “मग तीस हजारपट सौम्य असं लिहू?”

तेही चालणार नाही. त्याला दहा मिनिटं समजावलं. पीएच ५.५ म्हणजे हायड्रोजन आयनांचं प्रमाण त्वचेच्या जवळपास आहे, एवढंच. चेहरा किती ओढला जाईल हे सर्फॅक्टंट कोणता, किती टक्के आणि धुताना किती वेळ लावून ठेवला यावर फार अवलंबून असतं. साडेपाच पीएचचा फेसवॉशसुद्धा झोंबरा असू शकतो. साबणानं धुतल्यावर त्वचेचा पीएच वर जातो आणि मूळ जागी यायला काही तास लागतात, हे खरं. सौम्यपणाचे पट मात्र त्यातून निघत नाहीत. मी ओळ खोडली आणि ‘पीएच ५.५’ एवढंच ठेवलं. सिद्ध करता येतं तेवढंच बाटलीवर गेलेलं बरं.

त्या आकड्याची मर्यादाही सांगते. आम्ही ५.२ ते ५.८ एवढी मुभा ठेवतो. पीएचचा ०.३ म्हणजे दुप्पट, ०.६ म्हणजे चौपट. म्हणजे एकाच लेबलाच्या दोन पास झालेल्या बाटल्यांमध्येही मोकळे आयन चौपटीनं वेगळे असू शकतात. रोजच्या वापराला हे चालतं. पण दशांश चिन्हापुढचा आकडा किरकोळ समजू नये, एवढं त्यातून घ्यावं.

साडेतीन

नवीन प्रशिक्षणार्थी मुलीला पीएच शिकवायचा आहे. सूत्र तिला पाठ आहे, म्हणून हातानं करून घेते. सेंटीनॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, पीएच २. त्यातले दहा मिलिलिटर घेऊन पाण्यानं शंभर कर. मीटर म्हणतो ३. त्यातले दहा घेऊन पुन्हा शंभर. ४. पुन्हा. ५च्या जवळ. दर खेपेला दहापट पातळ, दर खेपेला एक पायरी. तिनं विचारलं, असंच करत राहिले तर आठ येईल का? नाही येत. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन असतातच, त्यामुळे आम्ल पातळ करून सातच्या पलीकडे जाताच येत नाही. उघड्या बीकरमध्ये तर कार्बन डायऑक्साइडमुळे आकडा साडेपाच-सहाजवळच अडकतो.

दुसरा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दोनशे मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात सकाळचंच एक टक्का सायट्रिक ॲसिड, एकच थेंब. पीएच पाचाच्या खाली. सकाळी दोनशे ग्रॅम फेसवॉशला साडेपाचपर्यंत आणायला शंभराहून जास्त थेंब लागले होते. आम्ल तेच, भांडं तेच. पाण्यात थेंब पकडून ठेवणारं कोणी नव्हतं.

यातून लेबल वाचायची दुसरी बाजू उघडते. पीएच सांगतो या क्षणी मोकळे आयन किती आहेत. एकूण आम्ल किती, ते सांगत नाही. म्हणूनच स्वच्छतागृह साफ करायच्या द्रवाच्या बाटलीवर पीएच नसतो, हायड्रोक्लोरिक ॲसिडचे टक्के असतात. दहा टक्क्यांचं ते द्रावण मोजपट्टीच्या शून्याच्याही खाली उतरतं आणि तिथे काचेचा इलेक्ट्रोड नीट बोलत नाही. फरशीवरचे क्षार किती विरघळतील, हात किती भाजेल, हे तिथे टक्क्यांवरून कळतं.

साडेचार

चाळीस अंशांच्या ओव्हनमधल्या बाटल्या. प्रत्येक बॅचचे काही नमुने तीन महिने तिथे राहतात, म्हणजे पुढची काही वर्षं थोडक्यात बघायला मिळतात. इथे उलटी भीती असते. परिरक्षक ४.५ला जास्त चांगलं चालतं, मग साडेचारच का ठेवत नाही, असं प्रशिक्षणार्थी नेहमी विचारतात. उत्तर आमच्या मुख्य सर्फॅक्टंटमध्ये आहे. तो लॉरिल इथर सल्फेट आहे आणि आम्लात तो पाण्याशी अभिक्रिया होऊन हळूहळू तुटतो. तुटताना स्वतः आणखी आम्ल सोडतो, ते आम्ल तुटणं आणखी वाढवतं. तुटण्याचा वेग मोकळ्या हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात असतो, म्हणजे एक पायरी खाली गेलो की वेग दहापट.

साडेपाच हा आकडा या दोन दहापटींच्या मधला आहे. एक पायरी वर गेलं की परिरक्षण दहापट कमी. एक पायरी खाली गेलं की माल तुटण्याचा वेग दहापट जास्त. त्वचेचा आकडा जवळच येतो, हे आमचं भाग्य.

ओव्हनमधल्या एका नमुन्याचा पीएच सुरुवातीला ५.५ होता, आज ५.२ आहे. कागदावर तो अजून हद्दीत आहे. पण आयन दुप्पट झाले आहेत, म्हणून त्या बॅचचा पुढचा नमुना मी ठरलेल्या दिवसाआधी बघणार आहे.

साडेपाच

आजच्या टाकीचा शेवटचा नमुना, थंड झाल्यावर: ५.५. बॅच कार्डावर पीएच, तापमान, मीटरचा उतार, आणि नमुना तसाच घेतला की पाण्यात पातळ करून, हेही लिहिते. हे चौथं लिहिलं नाही तर उद्या दुसऱ्या लॅबमध्ये वेगळा आकडा येतो आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पट्टीच्या कागदानं मी बॅच पास करत नाही. रंगावरून पाच की सहा एवढंच कळतं, आणि त्या दोन रंगांमध्ये दहापटीची जागा आहे.

इलेक्ट्रोड धुऊन पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवला. काकांनी भरणी सुरू करायची परवानगी मागितली, ती दिली.

दुकानात दोन बाटल्यांवरचे पीएच तुलनेला घ्याल तेव्हा भागाकार करू नका, वजाबाकी करा. जो फरक येईल तेवढी शून्यं एकावर द्या: एकचा फरक दहापट, दोनचा शंभरपट, तीनचा हजारपट. आणि बाटली किती सौम्य किंवा किती जहाल आहे ते ठरवायला मागची बाजू वाचा, घटक आणि दिले असतील तर त्यांचे टक्के बघा. पुढचा आकडा फक्त मोकळ्या हायड्रोजन आयनांचा असतो.